सात संघ, एक रिकामी खुर्ची: विषम संघांच्या साखळीचं वेळापत्रक

आमच्या भागातल्या सात सोसायट्यांची टेबल टेनिसची सांघिक लीग आहे. प्रत्येकीच्या क्लबहाउसमध्ये एक टेबल, त्यामुळे रविवारी सकाळी एक संघ यजमान आणि दुसरा पाहुणा. पहिल्या वर्षी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरलं. सात संघ म्हणजे एकवीस सामने. एका रविवारी तीन सामने होतात, एक संघ बसतो, म्हणजे त्याला बाय मिळते. सात रविवारांत काम आटोपायला हवं होतं. आम्हाला आठ लागले.

वेळापत्रक बनवताना बैठकीत एक मागणी आली. पाच, सहा आणि सात नंबरच्या सोसायट्या एकाच गल्लीत आहेत. तिथले सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो, आमच्या आपापसातल्या मॅच शेवटी ठेवा ना, जरा रंगत येईल." कोणाचीच हरकत नव्हती. मी वही घेऊन बसलो आणि पहिले पाच रविवार असे लावले:

```
रविवार १:  १-५  ३-६  ४-७   बाय २
रविवार २:  १-३  २-५  ४-६   बाय ७
रविवार ३:  २-४  ३-५  १-७   बाय ६
रविवार ४:  ४-५  १-६  २-७   बाय ३
रविवार ५:  १-४  २-६  ३-७   बाय ५
```

वरवर पाहिलं तर यात काही चूक नाही. कोणतीही जोडी दोनदा आलेली नाही, कोणाला दोनदा बाय नाही, दर रविवारी तीन सामने आहेत. उरले सहा सामने: १-२, २-३, ३-४ आणि गल्लीतले ५-६, ६-७, ५-७. दोन रविवार शिल्लक, सहा सामने शिल्लक. हिशोब चोख.

आता सहावा रविवार लावून बघा. ५-६ ठेवलं तर सात नंबरला खेळायला कोणी उरत नाही, कारण त्याचे उरलेले दोन्ही प्रतिस्पर्धी एकमेकांत गुंतलेत. म्हणजे त्याला बाय द्यावी लागेल, आणि ती तर त्याने दुसऱ्याच रविवारी वापरलीय. तिघांच्या आपापसातल्या तीन लढतींपैकी एका दिवशी एकच होऊ शकते, म्हणून त्यांना तीन रविवार लागतात. आमच्याकडे होते दोन. चूक पहिल्याच बैठकीत झाली होती, ती कळली पाचव्या रविवारी रात्री.

हाताने जोड्या लावणाऱ्या बहुतेकांची फसगत अशीच होते. आज लावलेली जोडी आज बरोबर दिसते आणि पुढे गळफास होते. ओळखायची खूण म्हणजे उरलेल्या सामन्यांकडे मधूनमधून बघणं. तीन संघांचं असं एखादं टोळकं दिसलं, ज्यांचे उरलेले सगळे सामने फक्त एकमेकांशीच आहेत, आणि त्यांच्या बाय आधीच संपल्यात, तर वेळापत्रक तिथेच मोडलंय.

यावरचा उपाय शाळेत खेळाच्या तासाला अनेकांनी बघितलेला असतो. साखळी सामन्यांची चक्राकार पद्धत. बुद्धिबळवाले तिच्या तक्त्यांना ऑस्ट्रियाच्या योहान बर्गरच्या नावाने ओळखतात. पण शाळेत ती पाठ करून घेतात आणि का चालते ते राहून जातं, म्हणून जरा सावकाश बघू.

सात खुर्च्या गोल मांडा आणि एक ते सात ओळीने बसवा. वर जो बसलाय तो आज विश्रांती घेणार. त्याच्या डाव्या-उजव्या हाताचे दोघे एकमेकांशी खेळणार, त्यांच्या पलीकडचे दोघे एकमेकांशी, आणि अगदी खालचे दोघे एकमेकांशी. एक वर असताना जोड्या येतात २-७, ३-६, ४-५. पुढच्या रविवारी सगळ्यांना एक खुर्ची सरकवा, म्हणजे दोन वर येतो. जोड्या ३-१, ४-७, ५-६. सात वेळा सरकवलं की प्रत्येक जण एकदा वर बसून उठतो, त्यामुळे प्रत्येकाला बरोबर एकच बाय.

जोडी पुन्हा का येत नाही? गोलात कोणतेही दोन संघ घ्या, समजा दोन आणि पाच. ते समोरासमोर कधी येतील? वरचा संघ दोघांपासून सारख्या अंतरावर असेल तेव्हाच. दोन आणि पाचच्या मधोमध असा संघ एकच आहे: सात. (एका बाजूने सात, एक, दोन, दुसऱ्या बाजूने सात, सहा, पाच.) म्हणून २-५ फक्त सातव्या रविवारी होते. आकडा विषम असल्यामुळे कोणत्याही जोडीला असा मधला संघ असतोच आणि एकच असतो. सगळी करामत एवढीच. विषम आकडा इथे अडचण नाही, पद्धत त्याच्याच जोरावर चालते.

सम संघ असले की हीच पद्धत वाकवावी लागते. एकाला गोलाबाहेर खुर्ची देतात आणि त्या दिवशी वर येणाऱ्याशी तो खेळतो. आपल्याकडे ती बाहेरची खुर्ची रिकामी आहे, इतकाच फरक. शाळेतल्या पुस्तकांतही विषम संघांसाठी "बाय" हा शब्द एका जागी पक्का लिहून बाकीचे आकडे फिरवतात, तो हाच प्रकार.

आता यजमान कोण, हा प्रश्न. आमच्याकडे याला महत्त्व आहे, कारण प्रत्येक टेबलाची उसळी वेगळी, आणि यजमानाला चहा-पोह्यांचं बघावं लागतं. सलग तीन रविवार पोहे करायला कुठलीच सोसायटी तयार होत नाही.

यासाठीचा नियमही गोलातूनच निघतो. वरच्या खुर्चीला लागून असलेल्या जोडीत पुढचा आकडा यजमान. त्याखालच्या जोडीत उलट, म्हणजे मागचा आकडा यजमान. अगदी खालच्या जोडीत पुन्हा पुढचा. "पुढचा" म्हणजे ज्याची वर बसायची पाळी यायचीय तो, आणि "मागचा" म्हणजे जो नुकताच वरून आला. पूर्ण तक्ता असा होतो, जोडीत पहिला यजमान:

```
रविवार १:  २-७  ६-३  ४-५   बाय १
रविवार २:  ३-१  ७-४  ५-६   बाय २
रविवार ३:  ४-२  १-५  ६-७   बाय ३
रविवार ४:  ५-३  २-६  ७-१   बाय ४
रविवार ५:  ६-४  ३-७  १-२   बाय ५
रविवार ६:  ७-५  ४-१  २-३   बाय ६
रविवार ७:  १-६  ५-२  ३-४   बाय ७
```

पाच नंबरच्या मागे बोट फिरवत जा: बाहेर, घरी, बाहेर, घरी, बाय, बाहेर, घरी. तीन घरी, तीन बाहेर, आणि मध्ये एकदाही सलग दोन सामने एकाच प्रकारचे नाहीत. कोणताही संघ घ्या, हेच दिसेल.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे आहे: सम संघांना हे जमूच शकत नाही. कारण साधं आहे. आठ संघ आहेत आणि प्रत्येक जण दर रविवारी खेळतोय. घरी-बाहेर-घरी अशी न चुकता अदलाबदल करायची तर क्रम दोनच शक्य आहेत, घरापासून सुरू होणारा किंवा बाहेरून सुरू होणारा. आणि तंतोतंत एकच क्रम असलेले दोन संघ एकमेकांशी खेळू शकत नाहीत, कारण खेळतील त्या दिवशी एक घरी हवा आणि दुसरा बाहेर. म्हणून अखंड अदलाबदल फार तर दोन संघांना मिळते. उरलेल्या सहा जणांना कुठेतरी सलग दोनदा घरी किंवा सलग दोनदा बाहेर खेळावंच लागतं. विषम संघांत बायमुळे प्रत्येकाचा क्रम वेगळ्या ठिकाणी तुटतो, त्यामुळे सातही क्रम वेगळे होतात आणि ही अडचण उरत नाही. आठवा संघ मिळाला तर बरं, म्हणजे बायची कटकट जाईल, असं आयोजक म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो.

यंदा आम्ही दुहेरी साखळी ठेवलीय. प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे. चौदा रविवार, प्रत्येकाला दोन बाय. त्या दोन बाय हंगामभर सारख्या पसरल्या पाहिजेत, हा खरा मुद्दा.

सोपा मार्ग म्हणजे वरचाच तक्ता पुन्हा त्याच क्रमाने चालवायचा, फक्त यजमान-पाहुणे बदलायचे. आठवा रविवार म्हणजे पहिल्याची उलटी आवृत्ती, नववा दुसऱ्याची. मग एक नंबरला बाय पहिल्या आणि आठव्या रविवारी, दोनला दुसऱ्या आणि नवव्या, सातला सातव्या आणि चौदाव्या. प्रत्येकाच्या दोन बायमधलं अंतर बरोबर सात रविवार.

बैठकीत एकाने सुचवलं की दुसरा टप्पा उलट्या क्रमाने घेऊ, शेवटचे सामने आधी, म्हणजे वेगळेपणा येईल. ऐकायला छान वाटतं. पण उलट्या क्रमात सात नंबरला सातव्या आणि आठव्या रविवारी सलग बाय येते, तर एक नंबरला पहिल्या आणि थेट चौदाव्या. एक जण पंधरवडाभर घरी बसतो, दुसरा सलग बारा रविवार खेळतो. गंमत म्हणजे गुणतक्त्यात हे लपून राहतं. दोन्ही पद्धतींत कोणत्याही दिवशी संघांच्या खेळलेल्या सामन्यांतला फरक एकापेक्षा जास्त होत नाही. म्हणून बाय सारख्या वाटल्यात की नाही हे तपासताना "किती सामने झाले" या रकान्यावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक संघाच्या दोन बायमधले रविवार मोजा.

त्याच क्रमाने चालवण्याची एक किंमत आहे. पहिल्या टप्प्यातला शेवटचा सामना आणि दुसऱ्या टप्प्यातला पहिला सामना प्रत्येक संघासाठी एकाच प्रकारचा येतो. एक नंबर सातव्या रविवारी घरी, आठव्याला बाय, नवव्याला पुन्हा घरी. पण हे प्रत्येकाला अख्ख्या हंगामात एकदाच होतं आणि सगळ्यांना सारखं होतं. चालवून घ्यावं.

इथपर्यंतचं सगळं कागदावर. कॅलेंडर मात्र गोल नसतं. आमची लीग जूनच्या शेवटी सुरू होते, गणपतीचे दोन रविवार सोडतो. यंदा ती सुट्टी दहाव्या फेरीनंतर येते. दहाव्या फेरीत बाय तीन नंबरला, अकराव्या फेरीत चारला. म्हणजे या दोघांना ओळीने तीन रविवार सामना नाही. फेऱ्या मोजल्या तर बाय अगदी समान, तारखा मोजल्या तर दोघांच्या हाताला गंज.

पण आकडे म्हणजे संघ नव्हेत. तीन नंबर कोणाला द्यायचा हे आपल्या हातात असतं, आणि कोणालाही कोणताही नंबर दिला तरी तक्ता तसाच खरा राहतो. म्हणून आम्ही आधी तक्ता पक्का केला, नंबर नंतर वाटले. ज्या दोन सोसायट्यांचा गणपती मोठा असतो, मांडवापासून विसर्जनापर्यंत सगळी पोरं त्यातच अडकलेली असतात, त्यांनी तीन आणि चार आनंदाने घेतले. एका सोसायटीच्या क्लबहाउसला सहाव्या रविवारी रंगकाम होतं. त्यांनी बाय मागितली. खरं तर त्यांना बायची गरज नव्हती, त्या दिवशी बाहेर खेळले तरी भागत होतं. सहाव्या रविवारी एक, तीन आणि पाच नंबर बाहेर असतात. त्यांना पाच दिला. बाय हंगामात मोजून दोन आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं, तेव्हा जिथे "बाहेर" चालतं तिथे ती खर्च करू नये.

शेवटच्या रविवारची बाय हा वेगळाच विषय. कोणीतरी एक संघ चौदाव्या रविवारी बसणार, हे टळत नाही. त्याचे गुण आदल्या आठवड्यातच पक्के होतात. इतरांना नेमकं किती हवंय हे माहीत असतं, आणि तो फक्त बघत बसतो. युरोपातल्या रग्बीत हे वर्षानुवर्षं चाललं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स अशा पाच संघांची ती स्पर्धा २००० मध्ये इटली आल्यावर सहा संघांची झाली. पाच संघांच्या शेवटच्या वर्षी, १९९९ च्या एप्रिलमध्ये, शेवटच्या शनिवारी स्कॉटलंडने पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवलं. दुसऱ्या दिवशी वेम्बलीवर वेल्सने इंग्लंडला ३२-३१ असं एका गुणाने हरवलं आणि विजेतेपद स्कॉटलंडकडे गेलं. बाय होती आयर्लंडला. ते शर्यतीत नव्हते म्हणून कोणी त्यावर बोललं नाही. स्पर्धेत असलेला संघ तिथे बसला असता तर चर्चा दुसरीच झाली असती.

आम्ही सात नंबर गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या सोसायटीला दिला. त्यांनी तोंडं वाकडी केली, आणि ते बरोबरच होतं. यंदा ते वर येणारच नाहीत असं आपणच ठरवलं, असा त्याचा अर्थ होतो. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकणार आहे. चौदाव्या रविवारचे तिन्ही सामने एकाच वेळी सुरू करायचे, एवढं मात्र ठरलंय.

दर वर्षी कोणीतरी विचारतं की बायचे गुण किती. शून्य. बाद पद्धतीत बाय म्हणजे न खेळता पुढे चाल. बुद्धिबळाच्या स्विस पद्धतीत जोडीदार न मिळालेल्याला सहसा पूर्ण गुण मिळतो, कारण तिथे बाय सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. साखळीत ती प्रत्येकाला सारखीच येते, मग गुण देऊन काय साधणार?

टीव्हीवरच्या लीगमध्ये मात्र बाय शोधू नका. महिला प्रीमियर लीगमध्ये पाच संघ, दुहेरी साखळी, वीस सामने. आयपीएलमध्ये २०१२ आणि २०१३ साली नऊ संघ होते, प्रत्येकाचे सोळा आणि एकूण साखळी सामने बहात्तर. आकडे विषमच, पण तिथे फेऱ्या अशा नसतात. सामने दिवसागणिक पसरलेले असतात, आणि बायची जागा दोन सामन्यांमधले मोकळे दिवस घेतात. तिथला न्याय मोजायचा तर कोणाला किती दिवस विश्रांती मिळाली ते मोजावं लागतं, आणि ते जास्त किचकट आहे.

चक्राकार पद्धतीत एक खोट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. तक्त्यात एक नंबरचे प्रतिस्पर्धी ओळीने वाचा: तीन, पाच, सात, दोन, चार, सहा. आता दोन नंबरचे: सात, मग बाय, मग चार, सहा, एक, तीन, पाच. सुरुवात वेगळी, पण माळ तीच. तीननंतर नेहमी पाच, पाचनंतर नेहमी सात. म्हणजे पाच नंबरसमोर येणारा जवळपास प्रत्येक संघ गेल्याच रविवारी तीन नंबरशी खेळून आलेला असतो. टेबल टेनिसमध्ये याने फारसं बिघडत नाही. पण कबड्डी किंवा रग्बीसारख्या खेळात तीन नंबर जर हाडं खिळखिळी करणारा संघ असेल, तर पाच नंबरला अख्खा हंगाम दमलेले, लंगडणारे प्रतिस्पर्धी मिळतात. पहिला रविवार सोडला तर अपवाद एकच: खुद्द तीन नंबर पाचसमोर बाय घेऊन, ताजातवाना येतो. बायनंतरच्या ताज्या संघाशी खेळायची पाळी एका टप्प्यात प्रत्येकाला फार तर एकदाच येते, तेवढी समानता या पद्धतीत आपसूक आहे. दमलेल्यांची समानता नाही. म्हणून धसमुसळ्या खेळात निदान नंबरांच्या चिठ्ठ्या दर वर्षी नव्याने टाकाव्यात, म्हणजे तोच शेजार कायम राहत नाही.

परवा तिसऱ्या फेरीनंतर आठव्या एका सोसायटीचा फोन आला, आम्हालाही घ्या म्हणून. वेळापत्रक पुन्हा करायची गरज नाही, हे त्यांना पटेना. मी सांगितलं, चौथ्या रविवारी चार नंबर बसलाय, त्यांच्याशी खेळा. पाचव्याला पाचशी, सहाव्याला सहाशी, असं चालत जा. रिकामी खुर्ची तुमचीच. हुकलेल्या फेऱ्यांतले एक, दोन आणि तीन नंबरशी सामने गणपतीच्या आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी उरकू. रंगकामवाल्या सोसायटीने लगेच हिशोब मांडला: पाचव्या रविवारची बाय गेली, चौथ्याला आम्ही घरी, सहाव्याला बाहेर, मग पाचव्याला कुठेही खेळलो तरी सलग दोनदा घरी नाहीतर सलग दोनदा बाहेर. बरोबर होतं त्यांचं. त्यांनी बाहेर निवडलं, कारण रंगारी आठवडाभर आधीच येणार होते.